१२४०, ५११ आणि १.४४: ज्यूलमध्ये न उतरता आधुनिक भौतिकीची गणिते

प्रश्न: आधुनिक भौतिकीच्या गणितांत सूत्र बरोबर लिहूनही माझा सगळा वेळ ज्यूल, मीटर आणि दहाच्या घातांकांत जातो आणि शेवटी उत्तर घातांकातच चुकते. माझा मित्र सगळीकडे १२४० वापरून दोन ओळींत उत्तर काढतो. हे कुठपर्यंत चालते? इलेक्ट्रॉनचा वेग, डी ब्रॉग्ली तरंगलांबी, चुंबकीय क्षेत्रातली त्रिज्या असे विचारले तर काय करायचे? आणि बोर्डाच्या पेपरात असे लिहिले तर गुण मिळतात का?

उत्तर: तुमचा मित्र वापरतो तो आकडा बरोबर आहे, परंतु तो एकटाच पाठ असेल तर पुढच्याच प्रश्नाला अडचण येते. त्याच्या जोडीला आणखी दोन आकडे आणि एक साधी रीत लागते. ती रीत हाताशी आली की तुम्ही विचारलेले तिन्ही प्रकार त्याच पद्धतीने सुटतात, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

आधुनिक भौतिकीच्या सूत्रांत h, c, m आणि e ही अक्षरे सुटी दिसत असली, तरी अंतिम उत्तरात ती बहुधा ठरावीक जोड्यांनी येतात. फोटॉनच्या ऊर्जेत h आणि c यांचा गुणाकार येतो. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान येते तेथे वर-खाली c ने गुणून-भागून mc² ही ऊर्जा तयार करता येते. दोन प्रभारांमधील स्थितिज ऊर्जेत ke² येते, आणि येथे k म्हणजे 1/(4πε₀). या तीन जोड्या इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर या एककांत एकदाच काढून ठेवल्या, की प्रत्येक गणितात 10⁻³⁴, 10⁻³¹ आणि 10⁻¹⁹ पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाहीत.

hc = 1240 eV·nm
mc² = 511000 eV (इलेक्ट्रॉन)
ke² = 1.44 eV·nm

पहिला आकडा कसा येतो, हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. h म्हणजे 6.626 × 10⁻³⁴ J·s आणि c म्हणजे 2.998 × 10⁸ m/s, तेव्हा गुणाकार 1.986 × 10⁻²⁵ J·m होतो. एका इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये 1.602 × 10⁻¹⁹ ज्यूल असतात, म्हणून त्याने भागले की 1.240 × 10⁻⁶ eV·m मिळते; मीटरचे नॅनोमीटर केले की 1240 eV·nm. म्हणजे जे रूपांतर तुम्ही प्रत्येक गणितात करत बसता, तेच येथे एकदा करून ठेवले आहे. २० मे २०१९ पासून h, c आणि e या तिन्हींच्या किमती एककांच्या व्याख्येतच निश्चित केल्या आहेत, त्यामुळे या एककांतली hc ची किंमतही आता मोजमापावर अवलंबून नाही. ती 1239.84 आहे आणि तशीच राहील. परीक्षेत १२४० घेतल्याने होणारी चूक एका टक्क्याच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतकी असते.

रीत एवढीच: सूत्रात जेथे h असेल तेथे तिच्याशेजारी c येईपर्यंत आणि जेथे m असेल तेथे c² येईपर्यंत वर-खाली सारख्याच c ने गुणायचे. मग संवेग p हा pc म्हणून इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये लिहिला जातो, वेग v हा v/c असा निव्वळ गुणोत्तर म्हणून येतो आणि लांबी नॅनोमीटरमध्ये उरते. ज्यूल, किलोग्रॅम आणि कूलॉम यांची नावे मधल्या ओळींत येतच नाहीत.

आता एक उदाहरण अगदी शेवटपर्यंत नेऊ. सीझियमच्या पृष्ठभागावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडतो. वर्क फंक्शन २.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. स्टॉपिंग पोटेन्शियल, सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनचा वेग, त्याची डी ब्रॉग्ली तरंगलांबी आणि 10⁻⁴ टेस्लाच्या, वेगाला लंब असलेल्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या वर्तुळाची त्रिज्या काढायची आहे.

फोटॉनची ऊर्जा:

E = 1240/400 = 3.10 eV

त्यातून वर्क फंक्शन वजा केले की महत्तम गतिज ऊर्जा:

K = 3.10 − 2.14 = 0.96 eV

एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे इलेक्ट्रॉनने एक व्होल्ट विभवांतर ओलांडताना मिळवलेली किंवा गमावलेली ऊर्जा. म्हणून ०.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेचा इलेक्ट्रॉन थांबवायला ०.९६ व्होल्ट लागतात, आणि स्टॉपिंग पोटेन्शियलसाठी वेगळे काहीच करावे लागत नाही. ज्यूलमध्ये गणित करणारा विद्यार्थी येथे आधी 1.6 × 10⁻¹⁹ ने गुणतो आणि पुन्हा त्यानेच भागतो. प्रश्नात वर्क फंक्शनच ज्यूलमध्ये दिले असेल, समजा 3.42 × 10⁻¹⁹ J, तर सुरुवातीलाच ३.४२ ला १.६ ने भागा; घातांक आपोआप कटतात आणि २.१४ मिळते. तरंगलांबीऐवजी वारंवारता दिली असेल, तर h = 4.14 × 10⁻¹⁵ eV·s घ्या: 7.5 × 10¹⁴ हर्ट्झसाठी ०.४१४ गुणिले ७.५, म्हणजे पुन्हा ३.१०.

पुढे वेग. K = ½mv² यात उजवीकडे c² ने गुणून-भागून लिहिले की v/c सरळ मिळतो:

v/c = √(2K/mc²) = √(1.92/511000) = 1.94 × 10⁻³

म्हणजे वेग प्रकाशवेगाच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका आहे, आणि 3 × 10⁸ ने गुणले की 5.8 × 10⁵ m/s. या ओळीत एक फायदा दडलेला आहे. वर्गमूळ काढण्याआधीच 2K/mc² हे गुणोत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असते आणि ते एकापेक्षा खूप लहान असेल, तरच ½mv² हे सूत्र वापरणे योग्य आहे. ज्यूल आणि किलोग्रॅममध्ये आकडे घालणाऱ्याला ही तपासणी कधी दिसतच नाही.

आता तरंगलांबी. λ = h/p याला वर-खाली c ने गुणा:

λ = hc/pc, आणि pc = √(2mc²K)

2mc² म्हणजे 1.022 × 10⁶ eV, जवळजवळ दहा लाख, म्हणून त्याचे वर्गमूळ १०११ येते. हजारापेक्षा एका टक्क्याने जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

pc = 1011 × √0.96 = 990 eV
λ = 1240/990 = 1.25 nm

आता पुस्तकातले λ = 1.226/√V नॅनोमीटर हे सूत्र कोठून येते तेही दिसले: १२४० भागिले १०११. ते वेगळे पाठ करण्याची गरज नाही. पाठ केलेच तर ते फक्त इलेक्ट्रॉनचे आहे हे विसरायला होते, आणि मग प्रश्नात न्यूट्रॉन आला की गोंधळ उडतो. रीत माहीत असेल तर वस्तुमानाच्या जागी न्यूट्रॉनचे 939.6 MeV घातले की झाले. ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या, म्हणजे खोलीच्या तापमानाशी जुळणाऱ्या न्यूट्रॉनसाठी pc ६८५० इलेक्ट्रॉनव्होल्ट येते आणि तरंगलांबी ०.१८ नॅनोमीटर. स्फटिकातल्या अणूंमधील अंतर याच मापाचे असते, म्हणून असे न्यूट्रॉन स्फटिकरचना पाहायला वापरतात.

राहिली त्रिज्या. चुंबकीय क्षेत्रात p = eBr असते. दोन्ही बाजूंना c ने गुणून इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये लिहिले की e कटतो आणि उरते:

pc (eV) = 3 × 10⁸ × B (टेस्ला) × r (मीटर)

pc आधीच ९९० काढलेले आहे, म्हणून r = 990/(3 × 10⁴) = 0.033 m, म्हणजे ३.३ सेंटिमीटर. जेईईच्या तयारीतली ‘फोटोइलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरतो, त्यावरून वर्क फंक्शन काढा’ अशा धर्तीची गणिते याच ओळीने उलट दिशेने सुटतात: B आणि r वरून pc, त्याचा वर्ग भागिले 1.022 × 10⁶ म्हणजे K, आणि फोटॉनच्या ऊर्जेतून K वजा.

हेच उदाहरण ज्यूलमध्येही करून पाहा. E साठी 4.97 × 10⁻¹⁹, वर्क फंक्शनसाठी 3.42 × 10⁻¹⁹, वजाबाकी 1.55 × 10⁻¹⁹, मग 9.1 × 10⁻³¹ ने भागाकार, वर्गमूळ, पुन्हा 6.63 × 10⁻³⁴ वर, असे पाच वेळा ऋण घातांक हाताळावे लागतात. वेळेचे नुकसान तर आहेच, पण मला त्याहून मोठे वाटणारे नुकसान वेगळे आहे. वर्गातल्या उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मी अनेकदा पाहिली आहे: विद्यार्थी ४०० नॅनोमीटरचे 4 × 10⁻⁹ मीटर करतो आणि फोटॉनची ऊर्जा 4.97 × 10⁻¹⁷ ज्यूल लिहून पुढे जातो. त्या आकड्याकडे पाहून त्याला काहीही खटकत नाही, कारण 10⁻¹⁷ काय आणि 10⁻¹⁹ काय, दोन्ही सारखेच अनोळखी. हीच चूक इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये झाली तर उत्तर ३१० येते, आणि ते पाहताच हात थांबतो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.६५ ते ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, धातूंचे वर्क फंक्शन साधारण २ ते ६, आणि हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला १३.६ लागतात. एवढे तीन टप्पे मनात पक्के असले, की चुकलेले उत्तर तुम्ही स्वतःच ओळखता.

आता ही पद्धत कोठे फसते ते सांगतो, कारण तुमच्या मित्राने ‘सगळीकडे’ १२४० वापरणे हे मला काळजीचे वाटते. λ = 1240/E हे फक्त फोटॉनसाठी आहे, कारण फोटॉनसाठी E आणि pc एकच असतात. १०० व्होल्टने प्रवेगित केलेल्या इलेक्ट्रॉनला हे सूत्र लावले तर १२.४ नॅनोमीटर मिळते; खरे उत्तर ०.१२३ नॅनोमीटर आहे. शंभरपट फरक आहे, आणि बहुपर्यायी प्रश्नात १२.४ हा पर्यायही बहुधा दिलेला असतो. इलेक्ट्रॉनसाठी आधी pc काढायचे आणि मगच १२४० ला त्याने भागायचे, हा क्रम मोडू नका. येथे pc १०,११० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, गतिज ऊर्जेच्या शंभरपट, आणि ती शंभरपट तेथूनच आली.

दुसऱ्या टोकाला pc = √(2mc²K) हेही कायमचे नाही. ते K ही mc² पेक्षा पुष्कळ लहान असतानाच खरे. संपूर्ण सूत्र असे आहे:

pc = √(K² + 2mc²K)

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात १०० किलोव्होल्ट विभवांतर सामान्य आहे. तेथे K = 10⁵ eV घालून pc = 3.35 × 10⁵ eV येते आणि तरंगलांबी ०.००३७० नॅनोमीटर. 1.226/√V वापरले तर ०.००३८८ येते, म्हणजे जवळजवळ पाच टक्के जास्त. नियम म्हणून एवढे पुरे: K/mc² जेवढे असेल, त्याच्या साधारण चौथ्या भागाइतकी चूक तरंगलांबीत येते. १०० किलोव्होल्टसाठी १०० भागिले ५११ म्हणजे ०.२, त्याचा चौथा भाग पाच टक्के. १० किलोव्होल्टसाठी ती अर्धा टक्काच राहते, म्हणून बारावीच्या बहुतेक गणितांत काळजी नाही.

तिसरी जोडी ke² = 1.44 eV·nm ही विद्यार्थी क्वचितच वापरतात, आणि मला ती सर्वांत आवडती आहे. हायड्रोजनची बोर त्रिज्या ħ²/(mke²) आहे. वर-खाली c² ने गुणले की अंशात (ħc)² येते, आणि ħc म्हणजे १२४० भागिले 2π, अर्थात 197.3 eV·nm:

a₀ = (197.3)²/(511000 × 1.44) = 38930/735800 = 0.0529 nm

आणि लगेच पुढची ओळ: अवस्था एकची बंधनऊर्जा ke²/(2a₀), म्हणजे 1.44/0.1058 = 13.6 eV. पेपरात १३.६ पाठच असते, ते काढावे लागत नाही. पण म्यूऑनिक अणू किंवा पॉझिट्रॉनियम विचारले, की वस्तुमानाच्या जागी काय बदलायचे ते याच ओळीत दिसते. पॉझिट्रॉनियममध्ये क्षीण वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या निम्मे, म्हणून ५११००० च्या जागी २५५५००, त्रिज्या दुप्पट, ऊर्जा ६.८. १.४४ ला १९७.३ ने भागले तर 1/137 येते. ज्यांना पुढे भौतिकी शिकायची आहे त्यांनी हा भागाकार एकदा अवश्य करावा.

हाच १.४४ अणुकेंद्रकाच्या गणितांत जसाच्या तसा चालतो. मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये दहाचा घातांक सहाने वाढतो आणि नॅनोमीटरवरून फेम्टोमीटरवर जाताना सहानेच कमी होतो, म्हणून 1.44 eV·nm म्हणजेच 1.44 MeV·fm. ७.७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा कण सोन्याच्या अणुकेंद्रकावर समोरासमोर गेला, तर किमान अंतर:

d = 1.44 × 2 × 79/7.7 = 29.5 fm

सोन्याच्या अणुकेंद्रकाची त्रिज्या 1.2 × A^(1/3) या सूत्राने सुमारे ७ फेम्टोमीटर येते. म्हणजे अल्फा कण पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही आणि केवळ कूलॉम बलाचा विचार पुरेसा ठरतो. तपासणी पुन्हा त्याच ओळीत झाली. येथे एक सावधगिरी मात्र हवी: अल्फा कणाचा प्रभार 2e आहे, म्हणून एका व्होल्टला एक इलेक्ट्रॉनव्होल्ट हा सरळ हिशेब त्याला लागू नाही. १००० व्होल्टने प्रवेगित अल्फा कणाची ऊर्जा २००० इलेक्ट्रॉनव्होल्ट असते.

अचूकतेबद्दलही थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अंकात्मक उत्तराच्या प्रश्नांत गुण याच कारणाने जातात. प्रश्नपत्रिकेत स्थिरांक दिलेले असतील, तर त्या स्थिरांकांतून येणारा hc हा नेहमी १२४० नसतो. h = 6.6 × 10⁻³⁴, c = 3 × 10⁸ आणि e = 1.6 × 10⁻¹⁹ दिले असतील, तर 6.6 × 3/1.6 म्हणजे १२.३७५, अर्थात 1237.5 eV·nm. h = 6.63 × 10⁻³⁴ असेल तर १२४३. काही प्रश्नांत hc = 1242 eV·nm असे थेटच लिहिलेले असते; ते ६.६२६ आणि १.६ यांतून आलेले आहे. प्रश्नात दिलेला आकडा असेल तर तोच घ्यावा. वरच्या सीझियमच्या उदाहरणात ज्यूलचे आकडे भागून पाहिले तर ०.९६ ऐवजी ०.९७ व्होल्ट येतो, तो याच फरकामुळे.

०.२ टक्क्यांचा हा फरक बहुतेक वेळा दुर्लक्ष करण्याजोगा असतो, पण वजाबाकीत तो फुगतो. त्याच सीझियमवर ५६० नॅनोमीटरचा प्रकाश टाका. १२४० घेतले तर E = 2.214 आणि K = 0.074 eV. १२३७.५ घेतले तर E = 2.210 आणि K = 0.070 eV. फोटॉनची ऊर्जा पाचशेत एकाने बदलली, परंतु गतिज ऊर्जा सहा टक्क्यांनी बदलली, कारण दोन जवळजवळ सारख्या संख्या एकमेकींतून वजा झाल्या. फोटॉनची ऊर्जा वर्क फंक्शनच्या अगदी जवळ आहे असे दिसले, की दिलेल्या स्थिरांकांनी hc पुन्हा काढा आणि भागाकारात एक अंक जास्त ठेवा.

याच्याच भावंडासारखा दुसरा प्रश्न असतो: सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषांच्या ऊर्जांत फरक किती? दोन्ही ऊर्जा तीन अंकांपर्यंत काढल्या तर २.११ आणि २.१० येतात आणि फरक ०.०१ मिळतो, जो खऱ्या उत्तराच्या जवळजवळ पाचपट आहे. येथे वजाबाकी आधीच सूत्रात करून घ्या:

ΔE = 1240 × Δλ/λ² = 1240 × 0.6/(589.3)² = 0.00214 eV

आकडेमोड कमी आणि अचूकता जास्त. मात्र Δλ हे λ च्या तुलनेत लहान असतानाच हे करा. फरक मोठा असेल तर दोन्ही ऊर्जा स्वतंत्र काढून वजा कराव्यात. तरंगलांब्या एकमेकींतून वजा करून १२४० ला त्या फरकाने भागणे हे कधीच बरोबर नसते, आणि घाईत ते करणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात.

बोर्डाच्या पेपरात गुण मिळण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. तेथे कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल चालते, आणि तपासणाऱ्याला सूत्र, किंमत घालणे आणि एकक या तीन गोष्टी दिसायला हव्यात. म्हणून १२४०/४०० असे अचानक लिहू नका. आधी E = hc/λ लिहा, पुढच्या ओळीत hc = (6.63 × 10⁻³⁴ × 3 × 10⁸)/(1.6 × 10⁻¹⁹) eV·m चे 1243 eV·nm केलेले दाखवा, आणि मग भागा. एक ओळ वाढते, पण त्या ओळीनंतर सबंध उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच चालते आणि आकडा कोठून आला हा प्रश्न उरत नाही. शेवटी उत्तर ज्यूलमध्ये मागितले असेल, तर 1.6 × 10⁻¹⁹ ने एकदाच गुणा.

ज्यूल खरोखर लागतो तो प्रकाशाची शक्ती वॉटमध्ये दिलेली असताना. तेथेही आधी काय विचारले आहे ते पाहावे. ६२० नॅनोमीटरचा एक मिलिवॉटचा लेझर असेल, तर फोटॉनची ऊर्जा १२४०/६२०, म्हणजे नेमकी २ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दर सेकंदाला किती फोटॉन, असे विचारले तर ज्यूलला पर्याय नाही: 10⁻³/(2 × 1.6 × 10⁻¹⁹) = 3.1 × 10¹⁵. परंतु प्रश्न प्रकाशविद्युत प्रवाहाचा असेल, तर फोटॉनची संख्या काढून तिला पुन्हा e ने गुणावे लागते, म्हणजे 1.6 × 10⁻¹⁹ एकदा खाली आणि एकदा वर येते आणि कटते. उरते ते एवढेच: प्रत्येक फोटॉनने एक इलेक्ट्रॉन सोडला असता, तर प्रवाह म्हणजे वॉटमधली शक्ती भागिले इलेक्ट्रॉनव्होल्टमधली फोटॉनऊर्जा. एक मिलिवॉट भागिले दोन, अर्ध्या मिलिअँपिअरचा प्रवाह. हजारातल्या एकाच फोटॉनने इलेक्ट्रॉन सुटतो असे दिले असेल, तर अर्धा मायक्रोअँपिअर.